‘अटक दाखवली’: दाखवली म्हणजे नेमकं काय केलं?

सायली: एका दैनिकात बातम्या तपासते. काल वार्ताहराची ओळ आली, ‘संशयिताला सकाळी ताब्यात घेण्यात आले, रात्री उशिरा अटक दाखवण्यात आली.’ मी ‘दाखवण्यात’ खोडून ‘करण्यात’ लिहिलं, तर गडी भडकलाच. ‘ताई, अर्थ बदलला,’ म्हणे. काय बदललं?

गिरीश: सोपं आहे. आधी चौकशीसाठी ताब्यात घेतात. त्यासाठी पोलिसांना 24 तास मिळतात. तेवढ्यात काही हाती लागलं तर अटक, नाहीतर माणूस घरी. अटक कागदावर चढली की ‘दाखवली’.

मोकाशीकाका: गिरीशराव, आकडा बरोबर, जागा चुकली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मधले 24 तास म्हणजे अटक झालेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याची मुदत, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेआधी बसवून ठेवायचे 24 तास कायद्यात कुठेही नाहीत. चौकशीला बोलवायचं तर नोटीस द्यावी, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 41-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 35(3). नोटिशीवर आलेला माणूस उठून घरी जाऊ शकला पाहिजे. जाऊ देत नसतील, तर ती अटकच, नाव काहीही द्या.

समजा, सोमवारी सकाळी 11 ला एकाला दुकानातून उचललं. स्टेशन डायरीत अटकेची वेळ लिहिली रात्री 9.30. मंगळवारी दुपारी 4 ला कोर्टात हजर केलं. कागदावर साडेअठरा तास, सगळं नियमात. खरे तास 29. मधले साडेदहा तास ज्या शब्दात लपतात, तो शब्द ‘दाखवली’. तुमचा वार्ताहर मुरलेला दिसतो.

मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात, अशक हुसेन खटल्यात, हेच सांगितलं आहे. माणसाची मोकळीक गेली त्या क्षणी अटक झाली, अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ घातली त्यावर ते ठरत नाही.

रफिक: माझाही असाच प्रश्न. गेल्या वर्षी माझा मोबाइल ठाण्यात ‘जमा’ करून घेतला. पावती नाही, पंचनामा नाही. ही जप्ती ‘दाखवली’ नाही असं म्हणायचं का?

सायली: रफिकभाई, आपण अटकेवर बोलतोय हो. पण ‘जमा’ आणि ‘जप्त’ची जोडी मजेशीर आहे खरी.

मोकाशीकाका: मजेशीर नाही, महाग आहे. ‘जप्त’ म्हटलं की यादी, पंचांच्या सह्या, दंडाधिकाऱ्याला कळवणं हे सगळं मागे लागतं. 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे, त्याच नव्या संहितेचं कलम 105. ‘जमा’ शब्दामागे यातलं काही नाही. वस्तू मुद्देमालाच्या नोंदीतच नसेल, तर परत मागणार कशाच्या आधारावर? ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निदान ती वस्तू तिथे होती याला एक कागद तयार होतो.

पाटील (निवृत्त): ठाणे अंमलदार होतो. सगळ्याच ‘दाखवली’त खोट काढू नका. आरोपी आधीच एका गुन्ह्यात जेलमध्ये असतो. दुसऱ्या गुन्ह्यात कोर्टाच्या आदेशाने त्याचा ताबा घेतो आणि त्या गुन्ह्यात अटक दाखवतो. त्याला रस्त्यावरून थोडाच पकडला? तिथे दुसरा शब्दच नाही.

मोकाशीकाका: हे मान्य, पाटीलसाहेब. तो वापर स्वच्छ आहे. पण सकाळी उचललेल्याला रात्री दाखवायचं कारण सांगा.

पाटील (निवृत्त): कधी खरंच ठरलेलं नसतं, हा आरोपी का साक्षीदार. कधी... जाऊ द्या.

गिरीश: मग खरी वेळ सिद्ध कशी करायची? डायरी त्यांचीच.

मोकाशीकाका: डायरीबाहेरच्या वेळा जुळवायच्या. दुकानाचा कॅमेरा, घरच्यांनी केलेले फोन, वैद्यकीय तपासणीची वेळ, अटकेच्या कागदावर सही करणारा साक्षीदार. तो कागद आणि नातेवाइकाला कळवणं 1996 च्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहे. ठाण्यातलं चित्रण शक्यतो 18 महिने ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. ते वेळेवर मागितलं नाही तर नंतर ‘कॅमेरा बंद होता’ ऐकायला मिळतं. आणि रिमांडला दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार?’ तेव्हा शंभरातले बहुतेक मान हलवून ‘नाही’ म्हणतात. पुन्हा त्याच गाडीत बसायचं असतं ना.

सायली: म्हणजे ‘करण्यात’ लिहून मीच पोलिसांची वेळ खरी ठरवत होते. ‘दाखवण्यात’ परत घालते. पण मग ‘ताब्यात घेतले’चं काय? तेही अर्धं झाकणच की. सरळ ‘सकाळी पकडले’ लिहू?

पाटील (निवृत्त): लिहा, पण सकाळची वेळ तुमच्या वार्ताहराने स्वतः पाहिली असेल तरच.

मोकाशीकाका: आणि नोटिशीवर आपणहून आला असेल तर? ‘पकडले’ तिथे खोटं ठरेल. मी ‘पोलीस घेऊन गेले’ लिहीन.

रफिक: माझ्या मोबाइलचा अर्ज मराठीत लिहिला तर चालेल ना?