एसीचा वार्षिक करार: गॅस आत धरायचा की बाहेर?

गारवा:
एसी दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचं काम करतो. दरवर्षी मलाच बोलावणारी ४० घरं आहेत. त्यांना एएमसी द्यायचा विचार चालू आहे: वर्षात ३ सर्व्हिस आणि मधे बिघडलं तर येऊन बघणं. गाडी अडते ती अटींवर. ‘गॅससकट’ म्हटलं तर लोक लगेच तयार होतात, पण चार घरांचा गॅस गेला की माझं गणित कोसळतं. ‘गॅस सोडून’ म्हटलं की विचारतात, मग करार कशाला घेऊ? असा करार कोणी देतं का? अटी कशा लिहिता?

खतावणी:
देऊच नका. मी अशा धंद्यांचे हिशेब लिहितो, म्हणून स्पष्ट सांगतो. करार सगळ्यात आधी कोण घेतो? ज्याचं मशीन गेल्या वर्षी तीनदा बंद पडलं तो. ज्याचं नीट चालतंय तो म्हणतो, बघू पुढच्या वर्षी. म्हणजे ४० घरांची सरासरी डोक्यात ठेवून तुम्ही दर काढणार आणि गळ्यात पडणार त्यातली सगळ्यात खराब १२-१५ मशीनं. शिवाय तक्रारी वर्षभर सारख्या येत नाहीत. ऐन उकाड्यात सगळे एकदम फोन करतात, आणि नेमके तेव्हाच रोख पैसे देणारं नवं गिऱ्हाईकही दारात उभं असतं. पैसे आधीच घेतलेल्या घरी जायचं की आज पैसे देणाऱ्याकडे, हा पेच तुम्ही स्वतःच ओढवून घेताय.

त्यापेक्षा ४० जणांची वही करा. उन्हाळ्याच्या महिनाभर आधी प्रत्येकाला फोन करा, तारीख ठरवा, काम झाल्यावर पैसे घ्या. गिऱ्हाईक बांधलेलंच राहतं आणि तुम्ही मोकळे राहता.

जुना_पाना:
खतावणींचं खराब मशीनांबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय आहे: करार विकण्याआधी मशीन तपासायचं. आधी गॅसचं सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. नळ्या बंदिस्त असतात, दहा वर्षं तोच गॅस फिरू शकतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळलाच. ‘दरवर्षी थोडा गॅस टाकावा लागतो’ असं ग्राहकाला सांगणारे कारागीर या धंद्याचं नाव घालवतात. त्यामुळे करारात गॅस आत की बाहेर हे लिहूच नका. गळती कुठे निघाली तर कोणाची, हे लिहा.

घरगुती मशीनमध्ये गळतीच्या मुख्य जागा दोन. एक म्हणजे सांधे: आतल्या आणि बाहेरच्या युनिटला नळ्या जोडतात तिथले नट. नळीचं तोंड नीट फुलवलं नसेल किंवा नट कमी-जास्त आवळला असेल तर तिथून हळूहळू जातं. ही कारागिरीची चूक, म्हणून ती आपल्या अंगावर घ्यायला हरकत नाही. दुसरी म्हणजे आतल्या युनिटच्या कॉइलला पडणारी बारीक भोकं. तांबं खराब होत जातं, त्यावर कारागिराचा इलाज नाही. बहुतेक वेळा कॉइलच बदलावी लागते. ती अंगावर घेतलीत तर बुडालात.

आता पहिली तपासणी. फिल्टर धुऊन घ्या, मशीन सगळ्यात कमी तापमानाला आणि पूर्ण पंख्यावर लावा, १५-२० मिनिटं चालू द्या. मग आत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा, दोन्हींचं तापमान मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. फरक कमी असेल किंवा नळीवर बर्फ धरत असेल तर थांबा. बर्फ घाणेरड्या फिल्टरनेही धरतो, म्हणून फिल्टर आधी धुवायचा. मग बाहेरच्या युनिटचं झाकण काढून नटाकडे बघा. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. बाकी नळी कोरडी आणि नटाभोवती काळपट, चिकट कडं दिसलं, की गळती तिथेच असण्याची दाट शक्यता. साबणाचा फेस लावून खात्री करा, ग्राहकाला दाखवा, फोटो काढा. ही दुरुस्ती आधी वेगळे पैसे घेऊन करा, करार त्यानंतर. मग खराब मशीन तुमच्या गळ्यात पडत नाही.

तिसरा_मजला:
मी ग्राहक आहे, दुसऱ्या बाजूचं ऐका. आम्ही करार घेतला होता, ३ सर्व्हिस आणि तक्रारी फुकट. आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी गळायला लागलं म्हणून फोन केला. माणूस आला, पाण्याची नळी फुंकून साफ केली, आणि जाताना फिल्टरवर पाणी मारून कागदावर सही घेतली. वर्षाच्या शेवटी तिसरी सर्व्हिस मागितली तर म्हणाले, झाली की. ती तक्रारीची भेट त्यांनी सर्व्हिसमध्ये धरली होती.

गॅसचं तुम्ही बघा. मला करारात दोनच गोष्टी हव्यात. सर्व्हिस म्हणजे काय काय करणार ते लिहा: फिल्टर, कॉइलवर प्रेशरचं पाणी, ब्लोअर, पाण्याची नळी, बाहेरचं युनिट. आणि दोन प्रकारच्या भेटींच्या पावत्या वेगळ्या रंगाच्या ठेवा. ‘२४ तासांत येऊ’ लिहिणार असाल तर सुट्टीचा दिवस त्यात मोजणार की नाही तेही सांगा. उकाड्यात तो एकच दिवस जड जातो.

सतरंजी:
आमचं कार्पेट-सोफा सफाईचं काम, तिथेही हाच वाद. आम्ही ‘डाग काढून देऊ’ लिहायचं सोडलं. आता लिहितो, डागावर दोनदा प्रक्रिया करू, त्यानंतर राहील तो राहील. आणि क्षेत्रफळ मोजून लिहितो. नाहीतर करार दोन खोल्यांचा आणि तिसरी खोली ‘आता आलातच तर’ म्हणून दाखवली जाते.

मोठा_घास:
एवढा कीस काढताय कशाला? कॉइल, कॉम्प्रेसर, पीसीबी, गॅस सगळं आत घ्या आणि दर तिप्पट करा. आम्ही ऑफिसांना असेच करार देतो. ग्राहक निवांत, आपण निवांत, आणि अटींचा कागद अर्ध्या पानात संपतो.

खतावणी:
ऑफिसांत चालतं, कारण एका जागी शंभर मशीनं असतात, बहुतेक सारख्या वयाची. त्यातले दोन कॉम्प्रेसर गेले तरी बाकीची पेलतात. ४० घरांत ४० वेगळ्या वयाची मशीनं. दोन कॉम्प्रेसर आणि तीन कॉइल एका वर्षात गेल्या तर नफा संपला. आणि तिप्पट दर ऐकून चांगल्या मशीनवाला आधी पळतो.

गारवा, ‘करारावर २० टक्के सूट’ असं काही डोक्यात असेल तर हे बघा. एका सर्व्हिसचा दर १ धरा. ३ सर्व्हिसवर २० टक्के सूट म्हणजे २.४ मिळाले. ४० घरांचे ९६. काम किती? सर्व्हिस १२०. तक्रारीची भेट अर्ध्या सर्व्हिसएवढी धरली आणि घरटी एक आली तर आणखी २०. म्हणजे १४० चं काम ९६ मध्ये.

जुना_पाना:
आकडेमोड बरोबर, पण तुलना चुकीच्या गोष्टीशी आहे. करार नसताना ही ४० घरं वर्षात तीनदा बोलावतात का? माझ्याकडे तरी नाही. बहुतेक जण उन्हाळ्याआधी एकदा, काही जण दोनदा. सरासरी दीड धरली तर ४० घरांचे ६० येतात, तक्रारींचे वेगळे २०, एकूण ८०. करारात दर ३.२ ठेवला, म्हणजे सर्व्हिसला पूर्ण दर आणि सूट फक्त तक्रारीच्या भेटीवर दिली, तर १२८ येतात. काम वाढतं हे खरं, पण वाढलेलं काम कधी करायचं ते आपण ठरवतो. एक सर्व्हिस उन्हाळ्याआधी, एक मधे, एक उन्हाळा संपल्यावर. तिसरी नेमकी माणसं रिकामी बसलेली असतात तेव्हा होते.

मात्र गारवा, दीड हा माझा अंदाज आहे. तुमच्या गेल्या दोन वर्षांच्या जॉब कार्डांतून तुमच्या ४० घरांचा आकडा काढा. तो अडीच निघाला तर खतावणी बरोबर आहेत, करार देऊ नका.

खतावणी:
हे मान्य. आणखी एक: आगाऊ आलेले पैसे त्याच महिन्यात खर्चू नका. प्रत्येक सर्व्हिस झाल्यावर तिचा हिस्सा ‘कमावला’ म्हणून काढा, बाकीचे बाजूला. नाहीतर तिसरी सर्व्हिस करायला माणूस पाठवायची वेळ येते तेव्हा त्याच्या पगाराचे पैसे आधीच संपलेले असतात. तरी सांगतो, पहिल्या वर्षी ४० ला देऊ नका, १० ला द्या.

पडवी:
माझं मशीन अजून कंपनीच्या वॉरंटीत आहे. हा करार घेतला तर वॉरंटी जाईल का?

जुना_पाना:
वॉरंटी कार्डावर लिहिलेलं असतं, ते वाचा. वॉरंटीतल्या मशीनच्या गॅसच्या नळ्या मी उघडत नाही, फक्त साफसफाई करतो, आणि करारात तसं लिहून देतो.

गारवा:
वहीतून आकडा काढतो. तोवर गॅसचं कलम असं लिहिलंय:

‘करारापूर्वीच्या तपासणीत आम्ही तपासलेले किंवा नव्याने बसवलेले सांधे वर्षात गळाले, तर दुरुस्ती आणि गॅस दोन्ही आमच्याकडे. कॉइलला भोक पडल्यास गळती शोधण्याची मजुरी आमची. कॉइल आणि गॅसचा खर्च ग्राहकाचा, आधी लेखी अंदाज देऊन. गळतीची जागा ग्राहकाला दाखवल्याशिवाय गॅस भरला जाणार नाही. मशीन ग्राहकाने दुसऱ्याकडून हलवून घेतल्यास सांध्यांची जबाबदारी संपते.’

तिसरा_मजला:
हे मला समजलं, म्हणजे कोणालाही समजेल. पण फेस लावून सांध्यावर काही दिसलं नाही, की कारागीर सरळ ‘कॉइल गेली’ म्हणून मोकळा होईल. मी कसं ओळखू?

जुना_पाना:
रास्त शंका. कॉइल गेली असं अंदाजाने म्हणायचंच नाही. उरलेला गॅस काढून घ्यायचा, आतलं युनिट नळ्यांपासून सोडवायचं, आणि कॉइलमध्ये नायट्रोजन भरून गेज लावायचा. दाब मशीनवर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवायचा. ऑक्सिजन चुकूनही वापरायचा नाही, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. काटा कुठे आहे त्याचा फोटो ग्राहकाच्या मोबाईलवर काढायचा आणि काही तास, गळती बारीक असेल तर रात्रभर सोडायचं. सकाळी काटा स्पष्ट खाली आला असेल तर कॉइल. खोली गार झाल्यामुळे तो जरासा उतरतो, तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. काटा टिकला तर गळती नळ्यांत, सांध्यांत किंवा बाहेरच्या युनिटमध्ये.

खतावणी:
म्हणजे दोन फेऱ्या, नायट्रोजन आणि माणसाचा अर्धा दिवस. कलमात ‘शोधण्याची मजुरी आमची’ लिहिलंय. उकाड्यात असे तीन फोन आले तर हा अर्धा दिवस ३.२ च्या दरात कुठे बसतो?

जुना_पाना:
मी एका करारात अशी चाचणी एकदाच फुकट ठेवतो.

तिसरा_मजला:
आणि त्या एकदात निष्कर्ष निघाला नाही तर? दुसऱ्या वेळचे पैसे मी द्यायला तयार नाही, कारण पहिल्यांदा सापडलं नाही यात माझा काय दोष?

गारवा:
यावर अजून कोणी काही ठरवलं असेल तर लिहा. बाकीच्या अटी या आठवड्यात छापायला टाकतो, हे एक कलम थांबवून ठेवलंय.