मदत हवी आहे: मधल्या तारेचा इंडक्टन्स वेगळा येतो, मग तिन्ही फेजला एकच आकडा कसा?

ऐरोलीचा_विद्यार्थी
२२० केव्हीची लाइन, तिन्ही तारा एका आडव्या रेषेत, शेजारच्या तारांत ७ मीटर अंतर. झेब्रा कंडक्टर, त्रिज्या १४.३१ मिमी, म्हणून r' = ११.१४ मिमी धरलं. जीएमडी ८.८२ मीटर आणि उत्तर १.३३५ मिलीहेन्री प्रति किमी. पण प्रत्येक फेज वेगळा काढला तर मधल्या तारेला १.२८९ आणि कडेच्यांना १.३५८ येतात. खरं कोणतं? आणि ७, ७, १४ ची साधी सरासरी का नाही घ्यायची?

घोडबंदर_रहिवासी
आमच्या सोसायटीतही एका फेजला व्होल्टेज कमी असतं. हेच कारण का?

कळव्याचा_वायरमन
नाही हो, तुमच्याकडे घरांचा लोड तीन फेजांवर सारखा वाटलेला नसेल. मूळ प्रश्नाबद्दल: तारांच्या जागा बदलल्या की इंडक्टन्स कमी होतो, त्यासाठीच ट्रान्सपोझिशन करतात.

लाइन_डिझाइन
कमी होत नाही, सारखा होतो. 1.289 + 1.358 + 1.358 ची सरासरी 1.335 च येते बघा. मधल्या जागेतल्या फेजचा वाढला, कडेच्यांचा उतरला.

साधी सरासरी चालत नाही, कारण फ्लक्स अंतराच्या लॉगने बदलतो. प्रत्येक फेज एक तृतीयांश लांबी एकेका जागेवर राहिली की तीन लॉगांची सरासरी होते, आणि तीच घनमूळ बनून सूत्रात दिसते:

```
L = 0.2 ln(Dm/r')   mH/km
Dm = (7 × 7 × 14)^(1/3) = 8.82 m
```

म्हणजे १.३३५ हा आकडा पूर्ण फेरा झालेल्या लाइनचा आहे. कुठल्याही एका टॉवरपाशी असमतोल तसाच असतो. कडेच्या तारांत आणखी एक गोष्ट घडते. दोन्ही शेजारी सारख्या अंतरावर नसल्याने एकीला थोडा जादा रोध असल्यासारखा दिसतो, दुसरीला तेवढाच उणे. तार त्याने तापत नाही. एका फेजची शक्ती दुसरीकडे सरकते. फेरा पूर्ण झाला की तेही कटतं.

ऐरोलीचा_विद्यार्थी
आता लॉगचं पटलं. पण ६० किमी लाइनवर २०-२० किमीवर अदलाबदल केली, आणि नंतर मध्येच ३० किमीवर नवं सबस्टेशन आलं तर?

लाइन_डिझाइन
फेरा तुटतो. पहिल्या ३० किमीत वाय फेज २० किमी मध्ये, बी १० किमी मध्ये, आर कायम कडेला. आरला ४०.७, वायला ३९.४, बीला ४०.१ मिलीहेन्री. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत.

कळव्याचा_वायरमन
एवढ्यासाठी कोणी टॉवर बदलणार नाही. आमच्या भागातल्या छोट्या लाइनवर तर अदलाबदलीचा टॉवरच नसतो.

लाइन_डिझाइन
छोट्या लाइनला चालतं. पण त्याच कॉरिडॉरमधून दुसरं सर्किट जात असेल तर त्याचा परिणाम वेगळा काढावा लागतो. टॉवरचा आराखडा टाका, मग बोलू.