मदत हवी आहे: मेमपूलमध्ये अडकलेला व्यवहार पुढे कसा ढकलू?

मला येणारा एक बिटकॉइन व्यवहार कालपासून मेमपूलमध्येच पडून आहे. आकार 141 व्हीबाइट, फी 282 सातोशी, म्हणजे व्हीबाइटला फक्त 2. मायनर रक्कम बघत नाहीत, हा दर बघतात. सध्या 20 च्या आसपासचे व्यवहार ब्लॉकमध्ये जातायत. पाठवणारा फी वाढवायला तयार नाही.

म्हणून येणारी तीच रक्कम खर्च करणारा 110 व्हीबाइटचा नवा व्यवहार करावा म्हणतोय. दोन्ही मिळून 251 व्हीबाइट, 20 च्या दराने 5,020 सातोशी. म्हणजे नव्यावर 4,738 फी. मायनर जोडीचा एकत्र दर धरतात, हे बरोबर ना? आणि मेमपूल भरून नोड्सनी जुना व्यवहार आधीच काढून टाकला असेल, तर नवा स्वीकारतील का? कुणी केलंय का हे? कृपया सांगा.