शब्दचर्चा: ‘डिसइनहिबिशन’ मराठीत कसं सांगायचं?

माहितीपत्रकवाली
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात फिजिओथेरपी शिकतेय, पेशंटच्या घरच्यांसाठी मेंदूतल्या हालचालीच्या सर्किटवर छोटं पत्रक करतेय. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, प्युटॅमेन, सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही मेंदूतल्या भागांची नावं मी तशीच ठेवणारे, त्याबद्दल वाद नको प्लीज. अडलंय ते डिसइनहिबिशनला. प्युटॅमेन ग्लोबस पॅलिडसला दाबतो, पॅलिडस थॅलॅमसला दाबतो, आणि शेवटी हालचाल होते. दोनदा दाबून हालचाल कशी होते हेच लोकांना कळत नाही. ‘निरोधमुक्ती’ लिहिलं तर आमच्या मॅडम म्हणाल्या हे सरकारी योजनेचं नाव वाटतंय.

बारावी_ब
न्यूक्लियस तर पेशीत एकच असतो ना ओ, मग सबथॅलॅमिक ‘न्यूक्लियस’मधे पेशी कशा काय? आमच्या पुस्तकात तर उलटं दिलंय

निवृत्त_अ‍ॅनाटॉमी
बाळा, शब्द एक पण वस्तू दोन. तुझ्या पुस्तकातला न्यूक्लियस पेशीच्या आत असतो. मेंदूत मात्र एका ठिकाणी गोळा झालेल्या मज्जापेशींच्या पुंजक्याला न्यूक्लियस म्हणतात. गंमत म्हणजे गँग्लिया हा शब्द आम्ही मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या पुंजक्यांना वापरतो, म्हणजे बेसल गँग्लिया हे नाव तसं चुकीचंच, पण रूढ झालंय, आता कोण बदलणार.

आता मूळ प्रश्न. ताई, तुम्ही सुरुवात प्युटॅमेनपासून करताय म्हणून गोंधळ होतोय. पॅलिडसच्या आतल्या भागापासून सुरू करा. तिथल्या पेशी माणूस निवांत बसलेला असतानाही गप्प नसतात, माकडांमधे मोजलंय, सेकंदाला साधारण ६० ते ८० ठोके चालूच. आणि त्यांचा प्रत्येक ठोका थॅलॅमसला ‘थांब’ म्हणतो. प्युटॅमेनच्या पेशी उलट, बहुतेक वेळ जवळजवळ मुक्या. म्हणजे उतारावर हँडब्रेक ओढून लावलेला ट्रक समजा, त्याला ढकलायचं नसतं, ब्रेक सोडायचा असतो. मेंदूच्या वरच्या थरानं, म्हणजे कॉर्टेक्सनं, प्युटॅमेनला जागं केलं की तो पॅलिडसच्या तेवढ्याच भागाला क्षणभर गप्प करतो, थॅलॅमसचा तेवढा भाग मोकळा होतो आणि परत कॉर्टेक्सला जोर देतो. मी तर सरळ ‘लावलेला ब्रेक सुटणे’ लिहीन.

मेडिकलवाला_सातरस्ता
इतकं कशाला ओ फिरवताय, साधं आहे, डोपामिन कमी झालं की हालचाल कमी, पार्किन्सन. डोपामिन जास्त झालं की हालचाल जास्त. दुकानात रोज बघतो, हात उडणाऱ्या पेशंटला डोपामिन बंद करायच्या गोळ्या देतात न् हात शांत होतो. झालं सिद्ध.

होटगीरोडकर
मामा, हे हात उडण्याचं बघा की जरा. आमच्या काकांचा डावा हात गेल्या आठवड्यापासून आपोआप फेकल्यासारखा उडतोय, खांद्यापासून, चहाचा कप लांब जाऊन पडतोय, शेजारची म्हातारी म्हणाली बाधा झालीय म्हणून, भाऊ म्हणतो फिट आहे. डॉक्टरनी रिपोर्टवर कायतरी उजव्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. डावा हात न् उजवी बाजू कसं काय? आणि तो ब्रेक वायर तुटल्यासारखा आहे का, खाली हातापर्यंत जाणारा?

निवृत्त_अ‍ॅनाटॉमी
होटगीरोडकर, दोन गोष्टी आधी सांगा. झोपेत हात थांबतो का, आणि उडताना काका शुद्धीत बोलतात का? साखर किती होती तेही लिहा.

ब्रेक खाली हाताकडे जात नाही. उजवा प्युटॅमेन, उजवा पॅलिडस, उजवा थॅलॅमस, उजवा कॉर्टेक्स असा हा फेरा एकाच बाजूला राहतो, तुमच्या हाताला त्याची कुठलीही तार थेट जोडलेली नाही. कॉर्टेक्समधून खाली येणारी वाट मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला बाजू बदलते, म्हणून उजवीकडचा बिघाड डाव्या हातात दिसतो.

असा खांद्यापासून हात फेकला जात असेल तर पहिलं नाव मनात येतं ते सबथॅलॅमिक न्यूक्लियसचं. हा पॅलिडसच्या आतल्या भागाला सतत चेतवत असतो, म्हणजे ब्रेक ओढून धरणारा. लांबी एक सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळं बारीकसा स्ट्रोकही पुरतो. तो गेला की पॅलिडस ढिला, थॅलॅमस मोकाट.

मेडिकलवाले, तुमचं अर्धं बरोबर आहे. गोळीनं हात शांत होतो हे खरं. पण त्यावरून डोपामिन वाढलं होतं असं निघत नाही. प्युटॅमेनमधे दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एक थेट पॅलिडसला गप्प करतात, डोपामिन त्यांना उत्तेजन देतं. दुसऱ्या बाहेरच्या पॅलिडसमार्गे सबथॅलॅमिकला मोकळं सोडतात म्हणजे ब्रेक घट्ट करतात, आणि डोपामिन त्यांना दाबतं. डोपामिन अडवलं की दोन्हीकडून ब्रेक घट्ट होतो, मग बिघाड मूळचा कुठलाही असो.

होटगीरोडकर
झोपेत एकदम शांत असतो ओ. बोलतात पण व्यवस्थित, शिव्या सुद्धा देतात हाताला. साखर चारशेच्या वर होती, गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी मनानंच. रिपोर्टमधे सबथॅलॅमिक वगैरे कुठं नाही, ‘उजवा प्युटॅमेन’ लिहिलंय, एमआरआयच्या टी वन चित्रात पांढरा दिसतोय असं.

निवृत्त_अ‍ॅनाटॉमी
मग चित्र बदललं. शुद्ध आहे, झोपेत थांबतं, म्हणजे फिटकडं कल कमी, तरी ते ठरवायचं तुमच्या डॉक्टरनी. वाढलेली साखर, एका बाजूचा हात आणि उलट बाजूचा पांढरा प्युटॅमेन, हे त्रिकूट ओळखीचं आहे. साखर ताब्यात आणणं हाच उपचाराचा पाया, काहींना वर गोळ्याही लागतात, उतरायला कुणाला दिवस कुणाला महिने लागतात. साखरेच्या गोळ्या परत बंद करू देऊ नका.

माहितीपत्रकवाली
पण सर, प्युटॅमेन बिघडला तर ब्रेक सुटायच्या ऐवजी घट्ट व्हायला नको का? गप्प करणाराच गेला ना.

निवृत्त_अ‍ॅनाटॉमी
बरोबर पकडलंत. नेहमीचं उत्तर असं की ब्रेक घट्ट करणाऱ्या दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी जास्त बिघडत असाव्यात. पण साखर त्यांनाच का निवडते, आणि प्युटॅमेनचा साधा स्ट्रोक झालेल्या बहुतेकांचा हात का उडत नाही, याचं माझं समाधान होईल असं उत्तर मी ऐकलेलं नाही.

ब्रेकच्या चित्राला मर्यादा आहे हेही लिहा. १९९० साली बर्गमन, विकमन आणि डीलाँग यांनी पार्किन्सनसारखी अवस्था आणलेल्या माकडांमधे सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला आणि त्यांची हालचाल सुधारली. इथपर्यंत चित्र जुळतं. पण याच हिशोबानं पार्किन्सनच्या पेशंटचा आतला पॅलिडस जाळला तर हातपाय उडायला हवेत, प्रत्यक्षात औषधानं आलेलं उडणं उलट कमी होतं. म्हणजे ठोके किती एवढंच नाही, ते कुठल्या तालात पडतात हेही धरावं लागतं.

मेडिकलवाला_सातरस्ता
म्हणजे माझं अर्धंच चुकलं, चालतंय. पण ‘ब्रेक सुटणे’ लिहिलं तर लोकांना बिघाडच वाटणार बघा, गाडीचा ब्रेक सुटला म्हणजे अ‍ॅक्सिडेंट. ‘सोडणे’ लिहा की.

माहितीपत्रकवाली
हे पटतंय. निरोगी माणसाच्या चित्राखाली ‘ब्रेक सोडणे’ आणि काकांसारख्या पेशंटच्या चित्राखाली ‘ब्रेक सुटणे’, असं दोन्ही वापरते. तालाचं वाक्य मॅडम ठेवू देतील का बघायचं, त्यांना पत्रक एका पानात हवंय.

बारावी_ब
नीटला सबथॅलॅमिक येतं का ओ