पळायचे बूट: बोटापुढे अंगठाभर जागा सोडावी की मापाचेच घ्यावेत?

सातपूरकर
रविवारी त्र्यंबक रोडने महिरावणीपर्यंत पळत जातो आणि परत येतो. चौदा-पंधरा किलोमीटरनंतर उजव्या पायाची बोटं बधिर होतात, त्यात गेल्या महिन्यात नख काळं पडलं. बूट यूके ८ आहेत. दुकानदार म्हणतो लाँग रनला पाय सुजतात, बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, ९ घ्या. ग्रुपमधले सिनियर म्हणतात ढिल्या बुटात फोड येतात. कुणाचं ऐकू?

घाटवेडा
दुकानदाराचं. सातारा हिल हाफला उतारावर मापाचे बूट घालून आलेल्यांचे हाल पाहिलेत. मी कायम एक नंबर मोठाच घेतो. डोळे झाकून ९ घे.

कॉलेजरोडची_ताई
डोळे उघडे ठेवूनच घे रे. यूके मापात एक नंबर म्हणजे लांबीत साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे चार. तुझ्या बुटात आत्ता किती जागा आहे हे न बघता साडेआठ वाढवायचे? आणि अंगठा कुणाचा? दुकानदाराचा दोन सेंटिमीटरचा असेल, माझा दीडच आहे. मी पट्टी वापरते आणि दहा ते बारा मिलिमीटर धरते.

पळून आल्या आल्या, पाय गरम असतानाच, बुटातला सोल बाहेर काढ. पळताना घालतोस तेच मोजे ठेव, टाच सोलच्या मागच्या कडेला टेकव आणि दोन्ही पायांवर वजन देऊन उभा राहा. बसून मोजलंस तर फसशील, कारण वजन पडलं की पाय पसरतो. सर्वांत लांब बोटापासून मोज, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय बघ, मोठ्या पायाचं माप धर.

पंचवटीच्या_काकू
श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली की माझेही पाय सुजतात. कोमट पाण्यात मीठ टाकून बसते, उतरते सूज. बूट कशाला बदलायचे?

कॉलेजरोडची_ताई
काकू, त्याची सूज घरी आल्यावर तशीही उतरतेच, प्रश्न वाटेतला आहे. तुमचा मात्र एकच पाय सुजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सातपूरकर
आज मोजलं. डाव्या पायापुढे १२, उजव्यापुढे १० मिलिमीटर. म्हणजे जागा आहे! पण उजवा पाय करंगळीच्या बाजूने सोलच्या बाहेर येतोय, चांगला दिसण्याइतका.

कॉलेजरोडची_ताई
मग बूट लांबीला पुरेसा आहे, रुंदीला कमी पडतो. पाय सुजतो तेव्हा जास्त करून रुंदीला आणि वरच्या बाजूला फुगतो, पुढे कमी वाढतो. बोटं बाजूंनी आवळली गेली की बधिर होतात. आता सांग, बधिर झाल्यावर लेस सैल करतोस का?

सातपूरकर
करतो. महिरावणीला थांबून करतो. कसं ओळखलं?

कॉलेजरोडची_ताई
नखावरून. परतीला रस्ता नाशिककडे उतरत येतो. लेस सैल असली की पाय बुटात पुढे सरकतो आणि दर पावलाला बोट पुढच्या भिंतीवर आपटतं. त्याला १० मिलिमीटर काय, १८ सुद्धा पुरणार नाहीत. पुढच्या भोकांत लेस सैल ठेव. सर्वांत वर घोट्याजवळ जे जास्तीचं भोक असतं, त्यातून लेस त्याच बाजूला परत घालून छोटा फास कर. समोरची लेस त्या फासातून ओढून मग गाठ मार. टाच जागेवर राहील.

घाटवेडा
लेसच्या गाठीने बूट रुंद होणार का? नंबर वाढला की रुंदीही वाढतेच की.

कॉलेजरोडची_ताई
वाढते, पण थोडी, आणि लांबीच्या मानाने फारच थोडी. त्याच नंबरात रुंद फिटिंग मिळतं, पुरुषांच्या बुटात डब्यावर २ई लिहिलेलं असतं. आधी तेच शोधावं.

घाटवेडा
शोधावं! नाशकात दहा दुकानं फिरलं तरी ‘मागवून देतो’ असंच ऐकायला मिळतं. अर्धा नंबरसुद्धा सगळीकडे नसतो. मी ९ मध्ये फुल मॅरेथॉन पळलोय, एक फोड नाही.

गोदाकाठ
मी उलट. मोठा नंबर घेतला तर टाच वर-खाली होऊन मोजाच फाटला. माझी टाच निमुळती आहे, घाटवेड्याची रुंद असेल. दोघांचा एक नियम कसा होईल?

सातपूरकर
रुंद ८ मागवलाय, यायला आठवडा आहे. तोवर दुकानात ९ घालून बघतो. काय बघू?

कॉलेजरोडची_ताई
टाच उचलून चवड्यावर उभा राहा. तुझा पाय जिथे वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे. बुटाची घडी त्याच्या पुढे पडत असेल तर ९ लांब आहे. लेस बांधून दुकानाचा जिना उतर, टाच सुटते का बघ.

घाटवेडा
आणि नाही सुटली तर?

कॉलेजरोडची_ताई
तर घेऊ दे त्याला ९. रुंद ८ आला की दोन्ही घालून बघ रे, पण संध्याकाळी जा, सकाळी उठून नको.