मदत हवी आहे: फ्रीव्ह्यू बॉक्सवरचं रेकॉर्डिंग ४ जीबीला तुटतंय, डिस्क कशी फॉरमॅट करू?

इंग्लंडमध्ये राहतो. छपरावरच्या अँटेनाला साधा डीव्हीबी-टी२ सेट-टॉप बॉक्स जोडलाय, मागे १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क. नवी डिस्क एक्सफॅटमध्ये होती, ती बॉक्सला दिसलीच नाही. विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या डिस्कला फॅट३२चा पर्यायच येत नाही, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर वापरून केलं.

आता रेकॉर्डिंग होतं, पण फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एचडी मॅच लावली की सव्वा तासाच्या आसपास फाइल तुटते आणि दुसरी सुरू होते. मधले काही सेकंद गायब, आणि गोल नेमका तेव्हाच व्हायचा!

मग एनटीएफएस करून पाहिलं. डिस्कवरचे सिनेमे बॉक्स नीट दाखवतो, पण रेकॉर्डचं बटण दाबलं की 'Write protected' येतं. डिस्क खराब नाही, लॅपटॉपवर व्यवस्थित लिहिली जाते. वीज कमी पडत असेल म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावला, फरक नाही. बॉक्सच्या मेनूतलं फॉरमॅट फक्त फॅट३२ करतं. डिस्कवर जपून ठेवण्यासारखं काही नाही, त्यामुळे पुसायला हरकत नाही. नवा बॉक्स मात्र घ्यायचा नाहीये.

एक शंका आहे: एनटीएफएस केलं तेव्हा डिस्कचं पार्टिशन जीपीटी प्रकारचं होतं. ते एमबीआर केलं तर बॉक्स लिहू देईल, की अशा बॉक्सना एनटीएफएस फक्त वाचताच येतं? तसं असेल तर ईएक्सटी३ चालतं का, कोणी करून पाहिलंय?