नाक्यावरच्या प्रसंगात पासपोर्टमधली उणीव वाचकाला आधी सांगावी का?

सुहास
माझ्या कादंबरीतला एक प्रसंग नोव्हेंबर १९६१ मध्ये बर्लिनमध्ये घडतो. पूर्व बर्लिनमधली बावीस वर्षांची तरुणी एका डॅनिश विद्यार्थिनीच्या पासपोर्टवर फ्रीडरिखस्ट्रासेच्या नाक्यातून पश्चिमेकडे जाऊ पाहते. पहारेकरी ओरडतो, तिला घाम फुटतो, काळीज धडधडते आणि शेवटी तिला जाऊ दिले जाते. ज्या तिघांना वाचायला दिले, त्या तिघांनाही प्रसंग सपाट वाटला. माझे मत असे की कागदपत्रांचा तपशील वाढवला तर प्रसंग सरकारी टिपणासारखा होईल, म्हणून भीतीच अधिक खोलवर लिहायला हवी. आपले मत काय?

मधुरा
सुहास, माझे मत याच्या नेमके उलट आहे. आपल्या प्रसंगात घाम आणि धडधड आहे, परंतु ती कोणत्या प्रश्नाला घाबरते आहे हे वाचकाला कुठेच समजत नाही. भीतीला टेकायला एखादी नेमकी जागा लागते, आणि नाक्यावर ती जागा पासपोर्टच्या पानावरच असते.

आपला काळ त्या दृष्टीने फार सोयीचा आहे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली, २३ ऑगस्टपासून पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांनाही पूर्वेकडे जाता येईना, मात्र परदेशी नागरिकांचे येणे-जाणे चालू राहिले. पश्चिमेकडच्या फ्री विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हीच फट हेरली आणि परदेशी मित्रांचे पासपोर्ट गोळा करून, चेहरा जुळेल अशा माणसांना ते पूर्वेकडे पोहोचवले. म्हणजे आपल्या नायिकेचा पासपोर्ट खरा आहे, शिक्के खरे आहेत, छायाचित्रही बदललेले नाही. त्या कागदात खोटी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे तो हातात धरणारी व्यक्ती.

तेव्हा एकच उणीव निवडा. समजा, मूळ विद्यार्थिनीची जन्मतारीख १४ डिसेंबर १९३६ आहे. आपली नायिका ती तारीख रात्रभर घोकते. नाक्यावरचा माणूस तारीख विचारतच नाही, तो विचारतो, “वय किती?” वजाबाकी केली तर पंचवीस येतात. परंतु नोव्हेंबर चालू आहे, वाढदिवसाला अजून काही आठवडे आहेत, म्हणून बरोबर उत्तर चोवीस आहे, आणि तिच्या जिभेवर तर स्वतःचे बावीस आहेत. वाचकाला ती तारीख दोन पाने आधी, घोकण्याच्या ओघात, सांगून ठेवली असेल, तर त्या प्रश्नासरशी वाचकही तिच्याबरोबर मनात हिशेब करू लागेल. तेथे घामाचे एकही वाक्य लागणार नाही.

अनिरुद्ध
मधुराताई, हिशेबाची कल्पना हुशार आहे, परंतु नेमकी म्हणूनच मला ती खटकते. वाचकाने दोन पानांपूर्वीची तारीख लक्षात ठेवली नसेल तर तो मागे पाने उलटेल, आणि पाने उलटणारा वाचक नाक्यावर उभा नसतो. मूळ प्रसंग फसला आहे तो भीती ठरावीक साच्यातली आहे म्हणून. घाबरलेल्या माणसाचे लक्ष विचित्र ठिकाणी अडकते. समोरच्या माणसाच्या बाहीचे सुटलेले बटण, त्याच्या बोटावरचा शाईचा डाग, एवढेच त्याला दिसते आणि विचारलेले शब्द उशिरा पोहोचतात. ते लिहावे. कागद मग कोणताही असला तरी चालेल.

शेखर
माझा आक्षेप त्याहून साधा आहे. हा प्रसंग घडूच शकत नाही. नायिका बाहेरून आत आलेलीच नाही, मग परदेशी माणसाला प्रवेश करताना मिळणारी चिठ्ठी तिच्याकडे कोठून येणार? बाहेर पडताना ती मागितली की सगळे संपले.

मधुरा
शेखर, चिठ्ठीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, फक्त काळ थोडा पुढचा आहे. पासपोर्टचा हा मार्ग पूर्वेकडच्या यंत्रणेच्या लक्षात आल्यावर, १९६२ च्या सुरुवातीला, आत येणाऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन बाहेर जाताना ती परत घेण्याची पद्धत सुरू झाली आणि नुसत्या पासपोर्टवर माणूस बाहेर काढणे बंद पडले. सुहास यांचा नोव्हेंबर त्याच्या आधीचा आहे. मात्र आपल्या आक्षेपामुळे एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की प्रसंगाचा महिना ढोबळ ठेवून चालणार नाही. हाच प्रसंग फेब्रुवारीत नेला, तर नायिका कितीही शांत राहिली तरी पकडली जाईल, आणि मग तिच्या धैर्याला काही अर्थच उरणार नाही.

नंदिनी
मला या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. एका विमानतळावर माझ्या व्हिसावर वडिलांचे नाव होते आणि पासपोर्टवर नव्हते. अधिकाऱ्याने दोन्ही कागद घेतले, “बाजूला थांबा” एवढेच म्हटले आणि तो आतल्या खोलीत निघून गेला. चाळीस मिनिटे मी उभी होते. माझे सगळे कागद खरे होते, तरीही माझे स्वतःचे नाव मला परके वाटू लागले. अशा वेळी प्रवाशाने विनाकारण बोलू नये आणि कागदांच्या प्रती वेगळ्या जवळ ठेवाव्यात, असे मी सर्वांना सुचवीन.

अनिरुद्ध
नंदिनीताई, सुहास यांना प्रवासाचा सल्ला नको आहे, परंतु आपण फार मोलाचा क्षण सांगितलात. कागद नजरेआड गेला, तो क्षण. आपल्याला कसली चूक सापडली हे ठाऊक नव्हते, आणि तरीही ताण होता. माझे म्हणणे हेच आहे.

मधुरा
चूक ठाऊक नव्हती असे कसे म्हणता येईल? दोन कागदांवरच्या नावांत फरक आहे, हे नंदिनीताईंनी दुसऱ्याच वाक्यात सांगितले, आणि त्यानंतरची चाळीस मिनिटे आपण सर्वांनी त्या फरकासह वाचली. तो फरक काढून टाका आणि तेच वाक्य पुन्हा वाचून पाहा.

कागद नजरेआड जाण्याबद्दल मात्र मी पूर्ण सहमत आहे. पासपोर्ट समोर असतो तोवर पहारेकऱ्याची नजर कोणत्या ओळीवर आहे हे नायिकेला दिसते. तो दाराआड गेला की पानावरची प्रत्येक ओळ एकाच वेळी संशयास्पद होते. सुहास, पहारेकऱ्याचे ओरडणे काढून तेथे ही अनुपस्थिती ठेवून पाहा. ओरडणारा माणूस आपले मन उघड करतो, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो.

शेखर
भाषेचा सापळा लावता येईल का? पहारेकरी अचानक जर्मनमध्ये काही बोलतो आणि डॅनिश समजली जाणारी मुलगी चटकन प्रतिसाद देते.

मधुरा
बर्लिनमध्ये शिकणाऱ्या डॅनिश मुलीला जर्मन येणारच, त्यामुळे तिला समजले यावरून पहारेकऱ्याला काहीच कळणार नाही. धोका नेमका उलट बाजूला आहे. बर्लिनचा माणूस ‘मी’ साठी ‘इश’ न म्हणता ‘इक’ म्हणतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरची बोली आधी बाहेर पडते. “वय किती?” याचे उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे की केवळ आकडा सांगावा, हा निर्णयसुद्धा मग तिच्यावर येऊन पडतो.

अनिरुद्ध
हे मला तारखेपेक्षा अधिक पटते, कारण येथे वाचकाला काही लक्षात ठेवावे लागत नाही आणि उणीव तिच्या तोंडातच आहे. तारखेबाबत माझा विरोध कायम आहे.

सुहास
सर्वांचे आभार. पहारेकऱ्याचे ओरडणे मी आजच काढले आणि पासपोर्ट दाराआड पाठवला. तारीख ठेवली आहे, परंतु ती घोकताना नायिका “अजून पंचविसावे लागले आहे, पूर्ण झालेले नाही” असे स्वतःला बजावते, म्हणजे अनिरुद्ध यांच्या वाचकाला पाने उलटावी लागणार नाहीत. तिचे उत्तर आता एका शब्दाचे आहे, “चोवीस”, तेही किंचित उशिरा. तो उशीर पहारेकऱ्याला जाणवतो की नाही, हे दाखवावे का, यावर मी अजून अडलो आहे. त्याने मान वर करून पाहिले असे लिहिले की प्रसंग त्याचा होतो, आणि काहीच लिहिले नाही तर तो उशीर माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात येईल याची खात्री वाटत नाही.

मधुरा
मान वर करू देऊ नका. त्याचा हात शिक्क्याकडे निघाला होता, तो वाटेत थांबला, एवढे पुरे.

अनिरुद्ध
मी तो हातही थांबवणार नाही.